निद्रा, विस्मृती, आकडी

मद्यपानाच्या व्यसनातून मुक्त होण्यासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या मनुष्यास पहिल्याच दिवशी क्लोरडायझेपॉक्साइड या औषधाच्या गोळ्या सुरू झालेल्या पाहून, त्याच्या उशाशी बसलेल्या आप्तांच्या मनात जी शंका उभी राहते, ती अडाणीपणाची म्हणून उडवून लावण्यासारखी मुळीच नाही. ‘दारू सुटावी म्हणून आणले, आणि तुम्ही तर गोळीची सवय लावता’ असे ते म्हणतात. आणि वस्तुस्थितीही अशी आहे की, हे औषध बाजारात येऊन पुरते वर्ष-दीड वर्षही लोटले नव्हते तोच, 1961 साली, अमेरिकेतील लिओ हॉलिस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोठ्या मात्रेने कित्येक महिने घेतलेल्या अकरा मनोरुग्णांचे औषध त्यांच्या नकळत एकाएकी थांबवून पाहिले, तेव्हा त्यांपैकी दहा जणांना त्रास झाला आणि दोघांना आठवड्याभरानंतर आकडी आली. म्हणजे जी आकडी टाळण्यासाठी हे औषध दारुड्यास द्यावयाचे, तीच आकडी हे औषध सोडतानाही येऊ शकते. हा विरोधाभास नव्हे. दारू आणि हे औषध यांचे मेंदूतील एक मुख्य कार्यस्थान एकच असल्याचा तो पुरावा आहे. आणि ते स्थान कोणते, तेथे नेमके काय घडते, व एकाच घटनेतून प्रथम झोप, मग विस्मृती आणि शेवटी आकडी ही तीन परस्परांशी विसंगत भासणारी फळे कशी निपजतात, एवढेच या प्रस्तावनेत वाचकांसमोर मांडावयाचे आहे.

दारू मनुष्यजातीइतकीच जुनी असावी. बेन्झोडायझेपिन वर्गाच्या औषधांचा जन्म मात्र अगदी अलीकडचा, आणि तोही काहीसा अपघाताचाच. हॉफमन-ला रोश या कंपनीच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत काम करणारे रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांनी 1955 च्या सुमारास तयार केलेले एक संयुग, परीक्षा न होताच फळीवर पडून राहिले होते. 1957 मध्ये साफसफाईच्या वेळी ते हाती लागले, प्राण्यांवर त्याची चाचणी झाली, आणि 1960 मध्ये ‘लिब्रियम’ या नावाने व त्यानंतर तीन वर्षांनी त्याचेच भावंड डायझेपाम हे ‘व्हॅलियम’ या नावाने जगभर विकले जाऊ लागले. कोट्यवधी लोकांनी ही औषधे घेतली, परंतु ती मेंदूत नेमकी कोठे जाऊन बसतात हे मात्र 1977 पर्यंत कोणासही ठाऊक नव्हते. त्या साली डेन्मार्कमध्ये व स्वित्झर्लंडमध्ये दोन स्वतंत्र गटांनी किरणोत्सर्गी डायझेपामच्या साहाय्याने त्याची बैठक शोधून काढली, आणि ती बैठक गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्लाच्या, म्हणजेच आता सर्वत्र ‘गॅबा’ या आद्याक्षरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याच्या ग्राहीशी संलग्न असल्याचे पुढे निःसंशय ठरले.

गॅबा हे द्रव्य मेंदूत विपुल असते हे 1950 मध्येच कळले होते, परंतु त्याचे काम कळावयास पुढे दहा-पंधरा वर्षे गेली. मज्जापेशी एकमेकींशी रासायनिक निरोपांनी बोलतात, आणि त्या निरोपांत मोठे प्रकार दोन: ग्लुटामेट नावाचे द्रव्य पुढच्या पेशीस उत्तेजित करते, तर गॅबा तिला आवरते. हे आवरणे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. पेशीच्या आवरणात गॅबाचा जो ग्राही बसलेला असतो, तो पाच प्रथिन-घटकांच्या कड्याचा असून त्याच्या मधोमध एक सूक्ष्म छिद्र असते. गॅबाचे रेणू त्याच्या ठराविक जागी बसले की ते छिद्र क्षणभर उघडते आणि क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात. विश्रांतीच्या अवस्थेत पेशीच्या आतील विद्युत्भार बाहेरच्यापेक्षा सुमारे सत्तर मिलिव्होल्टांनी ऋण असतो. क्लोराइडच्या आगमनाने तो त्याच पातळीवर धरून ठेवला जातो, व उत्तेजनाचा निरोप आला तरी पेशी पेटत नाही. मेंदूचा सगळा कारभार या दोन निरोपांच्या जमाखर्चावर चालतो, आणि हा हिशेब एका बाजूस झुकला तर झोप येते, दुसऱ्या बाजूस फार झुकला तर आकडी.

आता बेन्झोडायझेपिनचे काम असे की, ते गॅबाची जागा घेत नाही. त्याच कड्यावर, दोन निराळ्या घटकांच्या सांध्यात, त्याच्यासाठी एक स्वतंत्र खोबण आहे, आणि तेथे ते बसले म्हणजे गॅबाच्या त्याच प्रमाणात छिद्र अधिक वेळा उघडू लागते. ‘अधिक वेळा’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. कारण बार्बिट्युरेट ही त्यापूर्वीची झोपेची औषधे छिद्र उघडे राहण्याचा काळच लांबवीत, आणि मात्रा वाढविली तर गॅबा नसतानाही ते स्वतःच उघडीत. बेन्झोडायझेपिनला मात्र गॅबाच्या हुकुमावाचून काहीच करता येत नाही. त्यामुळे त्याच्या सामर्थ्यास मेंदूतच एक मर्यादा घातली गेली आहे, आणि केवळ या एका वर्गाच्या गोळ्या पुष्कळ घेतल्या तरी मनुष्य बहुधा गाढ झोपतो, पण श्वास थांबून मरतो असे क्वचितच घडते. ही सुरक्षितता मोठी खरी. परंतु ती एकट्या गोळीची आहे, तिच्याबरोबर पेला असला म्हणजे ती उरत नाही.

याचे कारण दारूच्या स्वभावात आहे. दारूचा रेणू इतका लहान व साधा की त्याला नेमकी खोबण शोधून बसणे साधत नाही, म्हणून त्याचे काम प्रचंड प्रमाणावरच होते: बेचाळीस टक्क्यांच्या व्हिस्कीच्या साठ मिलिलिटरच्या पेगात सुमारे वीस ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, तर डायझेपामची नेहमीची गोळी पाच मिलिग्रॅमची, म्हणजे वजनाने चार हजारांत एक. एवढ्या मद्यार्काच्या लोंढ्यात गॅबाच्या ग्राहीवर परिणाम अनेक वाटांनी होतो. ग्राहीच्या प्रथिनातच अशा जागा आहेत की जेथील एखादे अमिनो आम्ल बदलले तर दारूचा परिणाम नाहीसा होतो, हे 1997 मध्ये दाखविले गेले. शिवाय मेंदूच्या काही भागांत दारू गॅबाचा स्राव वाढविते, आणि प्राण्यांच्या मेंदूत ती असे काही स्टेरॉइड निर्माण करविते की जे स्वतःच या ग्राहीस जोर देतात. यांपैकी कोणती वाट कोणत्या मात्रेस प्रमुख, हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि चांगले संशोधक त्याबाबत एकमेकांशी स्पष्ट असहमत आहेत. त्याखेरीज, दारू ग्लुटामेटच्या ‘एनएमडीए’ नावाच्या ग्राहीस दाबते हे 1989 मध्ये सिद्ध झाले; म्हणजे ती एकीकडे आवर वाढविते आणि दुसरीकडे उत्तेजन कमी करते. दोघांत साम्य किती व भेद कोठे, याची एक सोपी परीक्षा रुग्णालयात पाहावयास मिळते: बेन्झोडायझेपिनच्या खोबणीतून त्याला हुसकावून लावणारे फ्लुमाझेनिल हे औषध शिरेतून दिले, तर गोळ्यांनी झोपलेला मनुष्य काही मिनिटांत डोळे उघडतो, आणि दारूने पडलेला तसाच पडून राहतो. फळ एक, पण द्वारपालाशी संधान बांधण्याची रीत निराळी. आणि दोघे एकाच वेळी आले म्हणजे एकाची मर्यादा दुसरा ओलांडून देतो व श्वसनाचे केंद्रही शिथिल होते. रात्री दोन पेग घेऊन वर झोपेची गोळी घेणाऱ्या गृहस्थांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

तंद्रीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. जागृती राखणाऱ्या केंद्रांतील पेशी आवरल्या म्हणजे डोळे मिटतात, लहान मेंदूतील आवरल्या म्हणजे पाय लटपटतात व जीभ जड होते. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, गॅबाचे ग्राही सर्वत्र एकसारखे नसून त्यांच्या कड्यातील घटक स्थानपरत्वे बदलतात. आणि 1999 मध्ये झ्यूरिकच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या ‘अल्फा-1’ या घटकातील एकच अमिनो आम्ल, हिस्टिडिनच्या जागी आर्जिनिन, असे बदलले, तेव्हा त्या उंदरांना डायझेपामने पूर्वीसारखी गुंगी येईना, पण त्यांची भीती मात्र पूर्वीप्रमाणेच कमी होई. गुंगी आणि निर्भयता या एकाच औषधाच्या दोन करण्या दोन निराळ्या घटकांमार्फत होतात, हे त्या एका अक्षराएवढ्या फेरफाराने उघड झाले.

विस्मृतीची गोष्ट मात्र अधिक विचित्र, आणि तिच्याविषयी गैरसमजही अधिक. ज्याला ‘ब्लॅकआउट’ म्हणतात, तो म्हणजे दारू पिऊन बेशुद्ध पडणे नव्हे. त्या अवस्थेतील मनुष्य चालतो, बोलतो, वाद घालतो, क्वचित गाडीही हाकतो, आणि पाहणाऱ्यास तो केवळ फार प्यालेला दिसतो. पण दुसऱ्या दिवशी त्या तासांचे दप्तर कोरे असते. डोनाल्ड गुडविन या अमेरिकी मनोवैद्यांनी 1970 च्या आसपास काही मद्यपींना प्रयोगशाळेत व्हिस्की पाजून, त्यांना खेळणी व चित्रपटाचे तुकडे दाखवून हे मोजले: दाखविल्यानंतर दोन मिनिटांनी विचारले तर त्यांतील बहुतेकांना ते सांगता येई, परंतु ज्यांना पुढे ब्लॅकआउट झाला त्यांना अर्ध्या तासानंतर विचारले असता काहीच आठवेना, व दुसऱ्या दिवशीही नाही. बालपणीच्या घटना, स्वतःचे नाव, घराचा रस्ता, हे सारे तेव्हाही शाबूत होते. म्हणजे बिघाड आठवण्याचा नसून नोंदण्याचा होता. क्षणिक स्मृती पुढे कायमच्या दप्तरात चढविण्याचे काम हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग करतो, आणि ते करताना तेथील पेशींमधील सांधे दृढ व्हावे लागतात. या दृढीकरणास ग्लुटामेटचे एनएमडीए ग्राही लागतात, आणि ते सुरू होण्यासाठी पेशी पुरेशी उत्तेजित व्हावी लागते. गॅबाचा अंमल वाढला की ती तितकी उत्तेजित होत नाही. दारू तर त्या ग्राहीसच थेट दाबते. दोन मिनिटे निरोप हाती धरता येतो, पण त्याची नक्कल होत नाही.

एंडोस्कोपी करण्यापूर्वी मिडाझोलाम शिरेतून दिलेला रुग्ण याच अवस्थेत असतो: ‘डावी कूस करा’ म्हटले की तो कूस करतो, ‘गिळा’ म्हटले की गिळतो, आणि घरी गेल्यावर नळी कधी घातली तेच आठवत नाही असे सांगतो. तेथे हे वरदान. दारूच्या गुत्त्यात ते संकट. येथे एक बाब विसरू नये: ब्लॅकआउट होण्यास एकूण दारू किती प्यायली यापेक्षा ती किती झपाट्याने रक्तात चढली हे पुष्कळदा अधिक निर्णायक असते. उपाशीपोटी, भराभर प्यायलेला, व्यसनी नसलेला तरुणही त्यात सापडतो. आणि बरोबर अल्प्राझोलामची गोळी असली तर थोड्या दारूनेही सापडतो. असा मनुष्य आपल्याला काही आठवत नाही म्हणतो तेव्हा तो खोटे बोलतो असे गृहीत धरू नये. आणि त्याच्या त्या वेळच्या कृती हेतुपूर्वक नव्हत्या, असेही केवळ विस्मृतीवरून सिद्ध होत नाही.

आता आकडी. मेंदू हा आवर निमूटपणे सहन करीत राहत नाही. दिवसेंदिवस गॅबाचा जोर कृत्रिमरीत्या वाढत राहिला, की ग्राहींची घडण बदलते. डायझेपामला प्रतिसाद देणाऱ्या घटकांची जागा कमी प्रतिसाद देणारे घटक घेतात, काही ग्राही पेशीच्या आवरणावरून आत ओढले जातात, आणि उलट ग्लुटामेटचे एनएमडीए ग्राही वाढतात. परिणामी जुन्या मात्रेने आता झोप येत नाही, आणि मात्रा वाढवावी लागते; हिशेब पुन्हा जुळतो, पण दोन्ही बाजूंच्या रकमा फुगलेल्या असतात. रस्सीखेचीत दोन्ही पक्ष सर्व बळ लावून ओढीत असताना दोरी निश्चल दिसते, परंतु एका पक्षाने एकाएकी हात सोडला की दुसरा पाठीवर आपटतो; दारूचा पुरवठा अकस्मात बंद होणे म्हणजे हेच.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. 1955 मध्ये अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे हॅरिस इस्बेल व सहकाऱ्यांनी, आज कोणतीही नैतिक समिती परवानगी देणार नाही असा, तुरुंगातील स्वयंसेवकांना कित्येक आठवडे अखंड दारू पाजण्याचा प्रयोग केला. त्यांना उत्तम आहार व जीवनसत्त्वेही दिली होती. तरीही सुमारे दीड ते तीन महिने प्यालेल्या सहा जणांची दारू एकदम थांबवली तेव्हा कंप व घाम सर्वांना आला, दोघांना आकडी आली आणि तिघांना भ्रम झाला. तोपर्यंत पुष्कळांची समजूत अशी होती की, हे प्रकार दारुड्याच्या कुपोषणाचे आहेत. ती त्या प्रयोगाने संपली.

एक उदाहरण तासातासाने पाहू. ते एका व्यक्तीचे नसून वॉर्डांत वारंवार दिसणाऱ्या हकिकतीचे आहे. रोज दोन क्वार्टर, म्हणजे सुमारे एकशेवीस ग्रॅम मद्यार्क, वर्षानुवर्षे घेणारा पंचेचाळिशीचा शेतकरी सोमवारी रात्री नऊला शेवटचा घोट घेतो. मंगळवारी पहाटे विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून त्याची मांडी मोडते व त्यास तालुक्याच्या रुग्णालयात आणतात. केसपेपरवर ‘व्यसन नाही’ अशी नोंद होते, कारण त्याच्या भावाने लाजेने तसे सांगितलेले असते. यकृत रक्तातील दारू तासाला शंभर मिलिलिटरमागे पंधरा-वीस मिलिग्रॅम या गतीने जाळीत असल्याने दुपारपर्यंत रक्त कोरडे होते. हात थरथरतात, घाम सुटतो, नाडी एकशेदहावर जाते, आणि हे सारे वेदनेमुळे आहे असे ठरते. रात्री झोप येत नाही. बुधवारी पहाटे तीनला, शेवटच्या घोटानंतर तीस तासांनी, दात घट्ट बसून सर्व अंग ताठते व मग मिनिट-दीड मिनिट झटके येतात. दारू सोडल्याची आकडी बहुतांशी सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या मुदतीत येते, सर्वांगाची असते, आणि एक किंवा थोडक्याच वेळा येते. ती शरीराच्या एकाच बाजूची असेल, अठ्ठेचाळीस तासांनंतर प्रथमच आली असेल, किंवा नंतर शुद्ध परत येत नसेल, तर दारूवर खापर न फोडता डोक्यातील रक्तस्राव शोधावा. पडलेल्या मनुष्यात तर तो शोधावाच. आमच्या शेतकऱ्याचे सीटी स्कॅन निर्दोष येते, त्यानंतर पत्नी खरे सांगते. तोवर कोणी उपाय केला नाही, तर बुधवार रात्र ते शुक्रवार या काळात त्यास भिंतीवर किडे दिसू लागतील, ताप चढेल, तो पलंगावरून उठून पळू पाहील. ही डिलिरियम ट्रेमेन्स नावाची स्थिती प्राणघातक होऊ शकते.

उपाय काय, हे आता वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. निघून गेलेला आवर त्याच ग्राहीवर, पण मोजून, परत द्यावयाचा आणि मग काही दिवसांत पायरीपायरीने काढून घ्यावयाचा. 1969 मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 537 रुग्णांवर झालेल्या तुलनेत आकडी व भ्रम टाळण्यात क्लोरडायझेपॉक्साइड सर्वांत श्रेष्ठ ठरले; आणि शामक म्हणून त्या काळी सर्रास दिले जाणारे क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्यांत आकडीचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले, कारण ते रुग्णास शांत दाखविते पण या ग्राहीपाशी काहीच करीत नाही, उलट आकडीचा उंबरठाच खाली आणते. अपस्माराचे प्रसिद्ध औषध फेनिटोइनही येथे निरुपयोगी ठरते, कारण तेही या ग्राहीपाशी काही करीत नाही. वारंवार सोडणे व वारंवार धरणे यामुळे प्रत्येक पुढच्या खेपेस आकडीची शक्यता वाढत जाते, असेही बहुसंख्य तज्ज्ञांचे मत आहे.

बेन्झोडायझेपिनचे वेळापत्रक तेवढे निराळे. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर जाते, म्हणून त्याचा तगादा एक-दोन दिवसांतच लागतो. डायझेपामचे अवशेष कित्येक दिवस रेंगाळतात, म्हणून त्याची आकडी आठवड्याने येते आणि तोपर्यंत गोळी थांबवल्याची गोष्टही कुणाच्या लक्षात नसते. दारू व या गोळ्या यांचा संयोग पाहावयाचा तर तेलंगणातील निजामाबाद, महबूबनगर या भागांत पाहावा. तेथे ताडी-शिंदीत डायझेपाम व अल्प्राझोलाम मिसळण्याची भेसळ अनेक वर्षे चालत आली आहे, आणि 2015 मध्ये अंमलदारांनी तिच्याविरुद्ध कडक मोहीम काढताच गावोगावचे लोक आकड्या, भ्रम व कंप यांनी ग्रासून रुग्णालयांत लोटले. त्यांतील कित्येकांना आपण गोळी घेत होतो हेच ठाऊक नव्हते; ते ताडीच पीत होते. भेसळ बंद करणे योग्यच होते, परंतु रुग्णालयांत आधी बंदोबस्त न करता ती एका दिवसात बंद करणे हा, माझ्या मते, कारभाराचा दोष होता.

म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या वाचकास एक विनंती आहे. घरातील कोणी रोज पीत असेल, किंवा महिनोन्महिने झोपेची गोळी घेत असेल, तर ती एका रात्रीत फेकून देण्यास त्यास भाग पाडू नका, वैद्याच्या सल्ल्याने मात्रा उतरवा. आणि तो कोणत्याही कारणाने, मग ते मोडलेले हाड असो वा ताप, रुग्णालयात दाखल झाला, तर रोज किती आणि शेवटची केव्हा, हे दोन आकडे लाज न बाळगता पहिल्याच तासात डॉक्टरांना सांगा.